दोन दिवसांचा ताप गेला, पण आजार गेला का?

*आमचा कुत्रा चार वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवस त्याने अर्धंच खाल्लं, फिरायला चल म्हटलं तरी उठेना, अंगही गरम लागत होतं. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा खायला लागला म्हणून डॉक्टरांकडे नेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या कानातून दोन गोचीड काढले होते, आता अंगावर एकही दिसत नाही. घरात दुसरी एक लहान कुत्रीही आहे. हा गोचीड ताप असेल का? सुरुवातीलाच तो ओळखायचा कसा? आणि उबदार, दमट दिवसांतच तो एवढा का पसरतो?*

त्याला उद्या-परवा डॉक्टरांकडे न्या आणि रक्ताची पूर्ण मोजणी करून घ्या, प्लेटलेटसकट. तो पुन्हा खायला लागलाय हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. मला मात्र पत्रातली तीच ओळ सगळ्यात जास्त खटकली.

आपण ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतो तो खरं तर दोन-तीन वेगवेगळ्या आजारांचा गट आहे. त्यातला फार आढळणारा आणि हमखास चकवणारा म्हणजे एर्लिकिया. हा एक सूक्ष्म जिवाणू आहे. गोचीड रक्त पिताना त्याच्या लाळेतून तो कुत्र्याच्या अंगात शिरतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन वाढतो. चावल्यापासून ताप यायला साधारण 8 ते 20 दिवस लागतात. तुमचा हिशेब मांडून पाहा. गोचीड काढले तीन आठवड्यांपूर्वी, ताप आला गेल्या आठवड्यात. मधलं अंतर या चौकटीत नेमकं बसतं. आज अंगावर गोचीड नाही याला म्हणून काहीच अर्थ नाही. ज्याने आजार दिला तो पोट भरून केव्हाच गळून पडलेला असतो, किंवा तुम्ही काढलेल्या दोनांपैकीच एक असतो.

पुढचा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरं इथेच फसतात. पहिल्या टप्प्यातला ताप चढतो, उतरतो, पुन्हा थोडा चढतो. दोन ते चार आठवड्यांत बरेच कुत्रे औषधाशिवायच सावरलेले दिसतात. खातात, पळतात, शेपटी हलवतात. काहींचं शरीर खरोखरच जंतूचा निकाल लावतं. पण पुष्कळांमध्ये तो पाणथरीसारख्या अवयवांत दबा धरून राहतो, महिनोन्‌महिने, कधी वर्षंही. या काळात बाहेरून काहीही कळत नाही, फक्त रक्त तपासलं तर प्लेटलेट थोड्या कमी सापडतात. यातले काही कुत्रे पुढे तिसऱ्या टप्प्यात जातात, तेव्हा हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच मंदावतं. नाकातून रक्त येतं, वजन उतरतं आणि अशा कुत्र्याला वाचवणं फार अवघड होऊन बसतं. पहिल्या टप्प्यात मात्र हाच आजार एका साध्या, जुन्या औषधाने बहुतेक वेळा बरा होतो. तुमचा कुत्रा आज बहुधा त्या टप्प्यात आहे, म्हणून ही घाई.

मी स्वतः एकदा इथे चुकलो आहे. एक पाच वर्षांची, 20 किलोची कुत्री माझ्याकडे आली होती. आदल्या रात्री खाल्लं नव्हतं, ताप 103.6 फॅरेनहाइट, बाकी सगळं ठीक. मी पट्टीवरची झटपट चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. उन्हाचे दिवस होते, मी थोडी वाट पाहायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती खायला लागली आणि घरच्यांनी फोन करून आभार मानले. बाराव्या दिवशी ते तिला कुशीत घेऊन पुन्हा आले. नखं कापताना एका नखातून थोडं रक्त आलं होतं आणि अर्धा तास फडकं दाबून धरलं तरी ते थांबत नव्हतं. मी तिचा ओठ वर केला. वरच्या हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे चार लाल ठिपके होते. तिला उताणी केलं, तर जांघेत, जिथे केस विरळ असतात तिथे, लाल शाईच्या पेनाने कुणी बारीक टिंबं काढावीत तसे वीस-पंचवीस ठिपके. प्लेटलेट निघाल्या 38,000. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत असतात.

चूक कुठे झाली, तर पट्टीच्या चाचणीवर विसंबलो तिथे. ती चाचणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती मोजण्याइतकी तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ती निगेटिव्ह येणं अगदी अपेक्षित होतं. प्लेटलेट मात्र त्याआधीच घसरायला लागतात. त्याच दिवशी मी साधी रक्तमोजणी केली असती तर आकडा बहुधा बोलला असता. तेव्हापासून गोचीड सापडलेला आणि ताप असलेला कुत्रा समोर आला, की पट्टी काहीही सांगो, प्लेटलेट मोजल्याशिवाय मी त्याला घरी पाठवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी फक्त पट्टी केली तर रक्तमोजणीचाही आग्रह धरा. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेही उपयोगाचं आहे. एर्लिकियाचे पुंजके त्यात क्वचितच सापडतात, पण यंत्राने मोजलेल्या प्लेटलेट खरंच कमी आहेत की गुठळी झाल्यामुळे कमी दिसताहेत, ते त्या काचेवर कळतं. शंका उरली तर पीसीआर चाचणी थेट जंतूचा अंश शोधते.

आता घरी काय पाहायचं ते सांगतो. सगळ्यात आधी थर्मामीटर. अंगाला हात लावून किंवा नाक कोरडं आहे का ते बघून कुत्र्याचा ताप कळत नाही. त्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, साधारण 101 ते 102.5 फॅरेनहाइट. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात इंचभर, हलक्या हाताने सरकवा आणि आवाज येईपर्यंत धरून ठेवा. एकाने पुढून डोकं धरून बोलत राहिलं तर बहुतेक कुत्रे हे सोसतात. बाहेरून धापा टाकत आला असेल तर तासभर गार जागी बसू द्या आणि मग मोजा. उन्हाने चढलेलं तापमान सावलीत, विश्रांतीनंतर खाली येतं, आजाराचं येत नाही. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी चार-पाच दिवस आकडे लिहून ठेवा. सकाळी बरोबर आणि संध्याकाळी 103च्या वर, असं दोनदा जरी दिसलं तरी ते ऊन नव्हे.

दुसरी गोष्ट हिरड्या. ओठ वर करून रंग पाहा. गुलाबी हवा. बोटाने दाबून सोडलं की पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी अलगद ओढून आतला रंग बघा. तिथेच लाल ठिपके शोधा, मग जांघेत, पोटावर आणि कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला. पिसवा चावल्याचे डागही लाल असतात, त्यामुळे गोंधळ होतो. ठिपक्यावर काचेचा स्वच्छ तुकडा किंवा पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दाबा. पिसवांचा डाग दाबाखाली फिका पडतो, शिवाय तो थोडा उंचावलेला आणि खाजरा असतो. प्लेटलेट कमी झाल्यामुळे त्वचेखाली झिरपलेलं रक्त दाबलं तरी तसंच लाल राहतं आणि त्याला खाज नसते. असा एकही ठिपका दिसला तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

तिसरी खूण गाठींची. मागच्या पायाच्या गुडघ्यामागे, मांडीचा स्नायू संपतो तिथे चिमटीत धरून चाचपा. निरोगी कुत्र्याला तिथे एक छोटी, घसरणारी गाठ लागते किंवा काहीच लागत नाही. ती दोन्ही पायांत सुपारीएवढी फुगलेली लागली तर शरीर कशाशी तरी झुंजतंय हे नक्की. जबड्याखालीही गाठी असतात, पण त्यांच्या शेजारी लाळेच्या ग्रंथी असल्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो, म्हणून मी गुडघ्यामागेच बघायला सांगतो. गाठी सुजायला इतरही कारणं असतात, तेव्हा एवढ्यावरून निदान करू नका. ताप, कमी झालेलं खाणं आणि या गाठी एकत्र आल्या तर मात्र शंका पक्की धरा.

बाकीच्या खुणा फार बारीक असतात आणि त्या घरच्या माणसालाच कळतात. नेहमी दारात धावत येणारा कुत्रा जागेवरूनच शेपटी हलवतो. पायऱ्या चढताना मधे थांबतो. ताटलीजवळ जातो, हुंगतो आणि परत फिरतो. आज एका पायाने लंगडतो, उद्या दुसऱ्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट पू येतो. “तो जरा वेगळाच वागतोय” असं घरचे म्हणतात तेव्हा मी ते तक्त्यावर तसंच्या तसं लिहून घेतो.

एक गोष्ट कृपा करून करू नका. ताप आहे म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दुखावतं, पॅरासिटामॉल यकृत. ॲस्पिरिनने तर प्लेटलेटचं कामच बिघडतं आणि इथे त्या आधीच कमी असतात.

गोचिडातून येणारा दुसरा मोठा आजार बबेसिया. त्याची चाल वेगळी असते. तो एकपेशीय परजीवी थेट तांबड्या पेशींमध्ये शिरतो आणि त्या फोडतो. हिरड्या फिकट, मग पांढुरक्या होतात, कधी डोळे पिवळे पडतात, लघवी गडद, काळ्या चहाच्या रंगाची होते. हे तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. रात्र असली तरी न्यायचं. एर्लिकियावर चालणाऱ्या डॉक्सिसायक्लिनने बबेसिया बरा होत नाही. त्याची औषधं निराळी, आणि बबेसियाच्या कोणत्या जातीने पकडलंय त्यावर ती ठरतात. एकाच गोचिडातून दोन्ही आजार येऊ शकतात. म्हणून औषध सुरू करूनही तीन दिवसांत कुत्रा सुधारला नाही तर रक्त पुन्हा तपासायला सांगा.

आता ऋतूचं. हा आजार कुत्र्याकडून कुत्र्याकडे हवेतून किंवा चाटण्यातून जात नाही, गोचीड मधे लागतो, आणि तो बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो, तपकिरी कुत्र्या-गोचीड. दमट दिवसांत पसरतो म्हटलं की लोक गवताकडे बोट दाखवतात. पण ही जात गवतापेक्षा घरात रमते. भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या अंथरुणाची शिवण ही तिची घरं. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, भिंतीवर वर चढत एखाद्या फटीत शिरते आणि काही हजार अंडी घालून मरते. त्यातून तिळाहून लहान, सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात, खाली उतरून कात टाकतात, आठ पायांची होतात, पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात आणि मग प्रौढ होतात. म्हणजे एका गोचिडाला आयुष्यात तीनदा कुत्रा गाठावा लागतो, आणि आयुष्याचा फार मोठा भाग तो कुत्र्यावर नसून भेगेत असतो.

भेगेतल्या त्या काळाचं गणित ऊब आणि ओलावा ठरवतात. थंडीत अंडी उबायला आणि कात टाकायला महिने जातात. उबेत तीच कामं काही आठवड्यांत उरकतात, सगळं चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. कोरड्या हवेत अंडी आणि बारीक पिल्लं सुकून मरतात, दमट हवेत ती तगतात. या जातीचे प्रौढ गोचीड कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतात, तेव्हा दोघांत जास्त वजन मी उबेला देईन. शिवाय उष्णता वाढली की हे गोचीड जास्त चपळ होतात, लवकर चिकटतात, प्रसंगी माणसालाही. एका मादीमागे हजारो अंडी आणि त्यातली नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जगलेली, असं पिढीमागून पिढी चालतं, मग शेवटच्या पिढीची संख्या हाताबाहेर जाते. म्हणूनच दमट दिवस सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात नाही, तर थोड्या उशिराने माझ्याकडे तापाच्या कुत्र्यांची रांग लागते.

यात एक बारकावा आहे. एर्लिकिया मादीकडून अंड्यांत उतरत नाही. अंड्यातून निघालेलं प्रत्येक पिल्लू या जंतूपुरतं निर्धोक असतं. ते आजारी कुत्र्याचं रक्त प्यालं तरच जंतू त्याच्यात जातो, कात टाकल्यावरही टिकतो आणि पुढच्या टप्प्यात दुसऱ्या कुत्र्यात उतरतो. संसर्ग झालेला गोचीड पाच महिन्यांपर्यंत हा जंतू बाळगू शकतो. याचा अर्थ असा, की बरा दिसणारा पण जंतू बाळगणारा कुत्रा घरातल्या भेगांमधल्या पुढच्या पिढीला आजार देत राहतो. तुमच्या धाकट्या कुत्रीचा प्रश्न इथे येतो. दोघं एकाच जागी झोपत असतील तर तिचीही रक्तमोजणी याच फेरीत करा, ती कितीही टुणटुणीत दिसली तरी.

निदान एर्लिकियाचं निघालं तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतील, बहुधा दर किलोला दिवसाला 10 मिलिग्रॅम या हिशेबाने, 28 दिवस. माझ्या त्या 20 किलोच्या कुत्रीला 100 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 101.8वर आला, सातव्या दिवशी प्लेटलेट 1,40,000 झाल्या, आणि दहाव्या दिवशी घरच्यांनी विचारलं, आता गोळ्या थांबवू का? नाही. कुत्रा दोन दिवसांत बरा दिसतो, जंतू दोन दिवसांत जात नाही. तिची शेवटची मोजणी 2,60,000 आली ती अठ्ठाविसाव्या दिवशी. गोळी भरल्या पोटी द्या, पण दुधासोबत नको, आणि नंतर थोडं पाणी जाईल असं बघा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. कोर्स संपल्यावर पट्टीची चाचणी पुन्हा करून घाबरू नका. प्रतिपिंडं बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने राहतात, त्यामुळे ती पॉझिटिव्हच येईल. बरं झालं की नाही हे प्लेटलेट सांगतात. एकदा कोर्स संपताना आणि एकदा त्यानंतर महिनाभराने मोजा. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, नवा गोचीड नवा संसर्ग देऊ शकतो.

घरात तोवर अंथरुणाची खोळ गरम पाण्यात धुवा, त्याच्या झोपायच्या जागेच्या आसपासच्या भेगा, विशेषतः जमिनीपासून वरच्या, बुजवा. दोन्ही कुत्र्यांना एकाच दिवशी गोचीडनाशक सुरू करा, एकालाच देऊन उपयोग नाही. तोंडाने द्यायच्या गोळ्यांनी गोचीड मरतो, पण चावल्यानंतर, आणि एर्लिकिया चिकटल्यापासून काही तासांतच अंगात जाऊ शकतो. म्हणून चावू न देणारा पट्टा किंवा मानेवर टाकायचं औषध जोडीला घ्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर ते आधीच सांगा, परमेथ्रिन असलेली औषधं मांजराला विषारी असतात. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कानाच्या घड्या, शेपटीचं मूळ आणि गळपट्ट्याखालची जागा चाचपा. गोचीड सापडला तर चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काहीही लावू नका आणि नखांवर चिरडू नका. काढलेला गोचीड छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकून वर तारीख लिहा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना दाखवा.